फिशिंगच्या तक्रारींचा सोअर प्लेबुक: माणसाकडे नेमकं कधी पाठवायचं?

वागळे_नाका
आमचं ऑफिस महापे एमआयडीसीत, साधारण १,८०० मेलबॉक्स. आउटलूकच्या रिपोर्ट बटणावरून रोज साठ-सत्तर तक्रारी येतात आणि शिफ्टला दोनच अनालिस्ट असतात. बहुतेक तक्रारी जाहिराती आणि न्यूजलेटरच्या, पण त्या ढिगात एखादा खरा मेल लपलेला असतो.

प्लेबुक अर्धा बांधून झालाय. रिपोर्ट आला की मूळ मेल उघडायचा, पाठवणारा, लिंका आणि अटॅचमेंटचे हॅश वेगळे काढायचे, मग व्हायरसटोटल, डोमेनचं वय आणि सँडबॉक्स यांना विचारायचं. प्रत्येक तपासणीचे गुण, त्यांची बेरीज ० ते १००. ७० च्या वर गेलं तर मेल सगळ्यांच्या मेलबॉक्समधून आपोआप काढायचा, ३० च्या खाली असेल तर 'सुरक्षित' म्हणून बंद, मधलं सगळं माणसाकडे.

३० आणि ७० हे आकडे योग्य आहेत का? तुम्ही किती ठेवता?

कोपरी_पूल
२० आणि ८० ठेवा. मधला पट्टा रुंद ठेवला की चुका कमी होतात. काम थोडं वाढेल, पण रात्री झोप लागेल.

गवळीदेव
आकड्यांआधी बेरजेकडे बघा. २० ठेवा नाहीतर १०, एक प्रकारचा मेल दर वेळी खालूनच निसटेल. तो पूर्ण मांडून दाखवतो.

भिवंडीचा एक पॅकेजिंग सप्लायर धरा. त्याचा खरा मेलबॉक्स कोणीतरी ताब्यात घेतलाय. तुमच्या अकाउंट्समधल्या माणसाला आधीपासून चालू असलेल्या थ्रेडमध्येच उत्तर येतं, 'Re: थकीत बिलं', आणि खाली जुने चार मेल जसेच्या तसे. आत एकच लिंक, तीही त्या सप्लायरच्या स्वतःच्या शेअरपॉइंटवरच्या फाइलची.

आता तुमचा प्लेबुक काय बघेल? एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्क पास, कारण मेल खरोखर त्याच डोमेनवरून आलाय. डोमेन अकरा वर्षं जुनं. व्हायरसटोटलवर लिंकबद्दल एकाही इंजिनची हरकत नाही. सँडबॉक्सने लिंक उघडली तर पान म्हणतं, ज्याला फाइल पाठवली त्याचा ईमेल टाका, त्यावर कोड येईल. सँडबॉक्सकडे तो मेलबॉक्स नाही, म्हणून तो तिथेच थांबतो आणि 'काही वाईट आढळलं नाही' असा शेरा देतो. खोटं लॉगिन पान त्या फाइलच्या आत आहे, तिथपर्यंत कोणी पोचलेलंच नाही. 'पेमेंट', 'थकीत' अशा शब्दांचे पंधरा गुण धरले तरी बेरीज १५. तक्रार बंद.

पुढचं जास्त वाईट. प्लेबुक रिपोर्ट करणाऱ्याला कळवतो, 'तुम्ही पाठवलेला मेल तपासला, तो सुरक्षित आहे.' त्या माणसाला शंका आली होती, म्हणून त्याने बटण दाबलं. आता सिक्युरिटीनेच परवानगी दिली म्हटल्यावर तो निर्धास्तपणे लिंक उघडतो.

म्हणून 'वाईट सापडलं नाही' आणि 'चांगलं असल्याचा पुरावा सापडला' यांना वेगळं धरा. बेरजेत दोन्ही शून्यच दिसतात. निकाल तीन ठेवा: वाईट, चांगलं, माहीत नाही. आपोआप बंद फक्त 'चांगलं' होईल, आणि 'माहीत नाही' नेहमी माणसाकडे जाईल.

मृण्मयी_बेलापूर
गवळीदेव यांच्याशी पूर्ण सहमत. त्यांनी सांगितलेली अडचण कोडमध्ये कशी शिरते तेही दाखवते, कारण बहुतेक ठिकाणी हे कोणी मुद्दाम करत नाही. व्हायरसटोटलचा निकाल वाचणाऱ्या ओळी साधारण अशा असतात:

```
attrs = r.json().get("data", {}).get("attributes", {})
stats = attrs.get("last_analysis_stats", {})
score += stats.get("malicious", 0) * 10
```

दिसायला नीटनेटकं, कधी कोसळत नाही, आणि गोची तिथेच आहे. लिंक त्यांनी कधीच पाहिलेली नसेल तर उत्तर येतं `404 NotFoundError`. कोटा संपला तर `429 QuotaExceededError`. दोन्ही उत्तरांत `data` नसतंच, फक्त `error` असतं. मग `malicious` मिळत नाही, शून्य धरलं जातं आणि मेल स्वच्छ ठरतो. फुकटच्या कीवर मिनिटाला ४ आणि दिवसाला ५०० विनंत्या चालतात, शिवाय ती की कंपनीच्या कामासाठी वापरायला परवानगीच नाही. रोज सत्तर तक्रारी आणि एकेका न्यूजलेटरमध्ये तीस लिंका असतील तर दुपारपर्यंत कोटा संपतो. मग सकाळच्या तक्रारी तपासून बंद होतात आणि संध्याकाळच्या न तपासता, आणि डॅशबोर्डवर दोन्ही एकसारख्याच हिरव्या.

ओळखायचं कसं? संध्याकाळी ४ नंतर आपोआप बंद होणाऱ्यांचं प्रमाण सकाळपेक्षा अचानक जास्त दिसलं की आधी एपीआयचे एरर कोड बघा.

उपाय साधा आहे. प्रत्येक तपासणीने गुणांच्या आधी स्वतःची स्थिती सांगायची:

```
if any(c.status != "ok" for c in required):
    verdict = "unknown"
```

`last_analysis_date` पण वाचा. आठ महिन्यांपूर्वीचा स्वच्छ निकाल आजच्या लिंकबद्दल काहीच सांगत नाही.

वागळे_नाका
आमच्या कोडमध्ये हुबेहूब त्याच तीन ओळी आहेत. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

पण 'चांगलं' कशाला म्हणायचं? पुरावा मागितला तर जवळजवळ सगळंच माणसाकडे जाईल ना?

पारसिक_हिल
डीमार्क पास असेल आणि ओळखीचं डोमेन असेल तर सरळ बंद करा. बँकांचं तर आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना `.bank.in` वर जायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. ते डोमेन बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. म्हणजे `.bank.in` दिसलं की चांगलं.

गवळीदेव
@पारसिक_हिल, अर्धं बरोबर आहे. `.bank.in` ची नोंदणी आयडीआरबीटीमार्फतच होते, त्यामुळे भामट्याला तसं डोमेन विकत घेता येत नाही, हा खरा फायदा. पण 'दिसलं' म्हणजे कुठे दिसलं? पाठवणाऱ्याच्या नावात कोणीही `alerts.xyz.bank.in` लिहू शकतो. लिंकच्या मजकुरात लिहून मागे दुसरा पत्ता ठेवू शकतो. `xyz.bank.in.verify-kyc.com` मध्ये खरं डोमेन `verify-kyc.com` आहे. त्यामुळे `From` मधला खरा पत्ता, त्या पत्त्याशी जुळणारा डीमार्कचा निकाल आणि सगळ्या लिंकांचं नोंदणीकृत डोमेन, तिन्ही एकत्र बघायला हवेत.

नोंदणीकृत डोमेन काढताना शेवटचे दोन तुकडे घ्यायचे अशी युक्ती लावू नका, `.co.in` ला ती फसते. पब्लिक सफिक्स लिस्ट वापरणारी लायब्ररी घ्या.

नुसता डीमार्क पास म्हणजे तर 'मेल त्या डोमेनचाच आहे', एवढंच. काल घेतलेल्या नकली डोमेनलाही डीमार्क लावता येतो. आणि वरच्या सप्लायरच्या मेलला तो पास होताच.

हेडर वाचताना अजून एक. `Authentication-Results` एकाच मेलमध्ये अनेकदा असू शकतं आणि पाठवणाराही ते स्वतः घालू शकतो. तुमच्या गेटवेने घातलेलं, तुमच्या सर्व्हरचं नाव असलेलं तेवढंच खरं माना.

सानपाडा_लोकल
इथे विचारू का? आईच्या व्हॉट्सॲपवर 'तुमचं चलन बाकी आहे' म्हणून एक एपीके फाइल आली. तिने फाइल दाबली, पण इन्स्टॉल केली का ते आठवत नाही. तुमच्या या प्लेबुकमध्ये टाकून बघता येईल का?

मृण्मयी_बेलापूर
@सानपाडा_लोकल, हा धागा कंपनीच्या मेलसाठी आहे, पण तुमचं काम जास्त तातडीचं आहे. फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका. सेटिंग्जमध्ये ॲपची यादी उघडून अनोळखी ॲप आहे का बघा. त्याला ॲक्सेसिबिलिटी किंवा डिव्हाइस ॲडमिनची परवानगी दिली असेल तर आधी ती काढा, नाहीतर ते अनइन्स्टॉल होत नाही. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. पैसे गेले नसतील तर तो नंबर संचार साथीच्या 'चक्षू'वर नोंदवा.

सानपाडा_लोकल
धन्यवाद ताई. अनोळखी ॲप सापडलं नाही. तरी बँकेला फोन केलाय.

निशाचर_शिफ्ट
मूळ प्रश्नाकडे. वागळे_नाका, 'चांगलं' या गटात दोनच प्रकार ठेवा, सुरुवातीला तेवढे पुरतात.

पहिला, तुमच्याच टीमने पाठवलेला सरावाचा फिशिंग मेल. हा हेडरवरून ओळखतात, पण नुसत्या हेडरवर विसंबू नका, तो कोणीही घालू शकतो. हेडर आणि पाठवणारा आयपी, दोन्ही जुळले तरच.

दुसरा, ओळखीचं न्यूजलेटर. डीकिमची सही त्याच डोमेनची, ९० दिवसांपासून तुमच्याकडे अनेकांना येतंय, अटॅचमेंट नाही, आणि सगळ्या लिंका त्याच डोमेनवर किंवा आधी माहीत असलेल्या ट्रॅकिंग डोमेनवर जातात. यातली एकही अट चुकली तर 'माहीत नाही'.

तुमच्या तक्रारींत न्यूजलेटरच जास्त आहेत म्हणता, मग ढीग इथेच बराच उतरेल. कंपनीतल्याच सहकाऱ्याचा मेल मात्र या गटात घेऊ नका. आतलं खातं चोरीला गेलं असेल तर पहिले मेल आतूनच सुटतात.

कोपरी_पूल
पटलं. पट्टा रुंद करायचा माझा सल्ला मागे घेतो.

पण दुसरा प्रश्न. लोक बटण न वापरता मेल फॉरवर्ड करतात, त्याचं काय?

निशाचर_शिफ्ट
साध्या फॉरवर्डमध्ये मूळ हेडर गळून पडतात. प्लेबुक मग फॉरवर्ड करणाऱ्याचेच हेडर तपासतो, सगळं पास होतं आणि मेल स्वच्छ. त्यामुळे पहिलाच टप्पा असा असावा: आत `.eml` किंवा `.msg` जोडलेली आहे का? नसेल तर त्याच विषयाचा मेल त्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये शोधायचा. सापडला तर तो घ्यायचा, नाहीतर माणसाकडे. हेडरशिवाय प्लेबुकने निकाल देऊच नये.

लिंकांचंही असंच आहे. गेटवे त्या बदलून `safelinks.protection.outlook.com/?url=...` अशा करतो. ती उलगडली नाही तर डोमेनचं वय मायक्रोसॉफ्टचं येतं आणि प्रत्येक लिंक सज्जन ठरते. क्यूआर कोड विसरू नका. चित्रातला आणि पीडीएफमधला, दोन्ही वाचावे लागतात. 'या मेलमध्ये लिंक नाही' हे वाक्य क्यूआर तपासल्याशिवाय लिहू नये.

मृण्मयी_बेलापूर
यात भर. लिंक बाहेर तपासायला देताना सरसकट पूर्ण पत्ता पाठवू नका. बऱ्याच लिंकांत कर्मचाऱ्याचा ईमेल असतो, कधी उघड, कधी बेस६४ मध्ये. `urlscan.io` वर पब्लिक स्कॅन केलं तर तो जगाला दिसतो, आणि कोणत्या कंपनीने तक्रार केली तेही हल्लेखोराला कळतं. स्कॅन प्रायव्हेट ठेवा. अटॅचमेंटचा फक्त हॅश विचारा, फाइल अपलोड करू नका, कारण तक्रारीत आलेली फाइल कधीकधी खरा पगाराचा तक्ता असते.

सँडबॉक्सने लिंक उघडणं हीसुद्धा एक कृती आहे. तक्रार केलेला मेल खरा निघाला आणि ती लिंक रजा मंजूर करायची किंवा पासवर्ड बदलायची एकदाच चालणारी लिंक असली, तर सँडबॉक्सने ती वापरून टाकलेली असते.

वागळे_नाका
आता दुसरं टोक. 'वाईट' ठरलं तर आपोआप काढून टाकायला हरकत नाही ना?

पारसिक_हिल
अजिबात नाही. पक्कं वाईट असेल तर एक मिनिटही थांबू नये.

निशाचर_शिफ्ट
माझं मत वेगळं. मेल सगळ्यांच्या मेलबॉक्समधून काढण्याआधी माणसाची सही हवीच. एकदा चुकीचा नियम लागला आणि कंपनीभरच्या पगाराच्या मेलवर चालला, तर दुसऱ्या दिवसापासून कोणीही प्लेबुकवर विश्वास ठेवत नाही.

गवळीदेव
दोघांच्या मधली वाट आहे. 'मेल वाईट आहे का' हा एक प्रश्न आणि 'कृती चुकली तर परत फिरवता येईल का' हा दुसरा. दोघांची दारं वेगळी ठेवा.

सॉफ्ट डिलीट केलेला मेल एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये मूळ सेटिंगला १४ दिवस परत आणता येतो. म्हणून निकाल वाईट आणि मेल २० पेक्षा कमी मेलबॉक्समध्ये असेल तर आपोआप सॉफ्ट डिलीट. त्याहून जास्त असेल तर माणूस. हार्ड डिलीट कधीच आपोआप नाही. डोमेन ब्लॉक करायचं असेल तर आधी बघायचं की ते कोणाच्या मालकीचं आहे. वरच्या उदाहरणात प्लेबुकने `sharepoint.com` ब्लॉक केलं तर अख्खं ऑफिस बंद. `github.io`, `web.app`, `pages.dev` सारख्या सामायिक जागांवर फक्त पूर्ण पत्ता किंवा सबडोमेन ब्लॉक करायचं. वीस हा आकडा १,८०० मेलबॉक्सच्या हिशोबाने सांगितला, तुमच्याकडे चाचणी करून ठरवा.

निशाचर_शिफ्ट
वीसलाही माझा विरोध कायम. ते वीस जण संचालक मंडळाचे असले तर? आकड्यापेक्षा कोणाचे मेलबॉक्स हे बघायला हवं.

मृण्मयी_बेलापूर
एका बाबतीत वाद नको: कोणी क्लिक केलं असेल तर निकाल काहीही असो, माणूस लागतोच. कारण तेव्हा प्रश्न मेलचा उरत नाही, खात्याचा होतो. सेफ लिंक्स चालू असेल तर डिफेंडरमध्ये हे मिळतं:

```
UrlClickEvents
| where Timestamp > ago(7d)
| where NetworkMessageId == "<id>"
| project Timestamp, AccountUpn, ActionType, IsClickedThrough
```

इथे रिकामं उत्तर म्हणजे 'क्लिक नाही' असं समजू नका. क्यूआर कोड घरच्या फोनने स्कॅन केला तर तो या टेबलात येतच नाही. त्यामुळे क्यूआर असलेला मेल मी तरी आपोआप बंद करणार नाही.

आणि सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, फिशिंग त्या यादीत आहे. रात्री २ वाजता प्लेबुकने 'क्लिक झालं' नोंदवलं आणि अनालिस्टने सकाळी ९ ला पाहिलं, तर घड्याळ कधी सुरू झालं हे तुमच्या कायदेशीर टीमला आधीच विचारून ठेवा. प्लेबुकच्या लॉगमध्ये २ चा शिक्का असतोच.

वागळे_नाका
बरंच स्पष्ट झालं. गुणांची बेरीज काढून टाकतोय. तीन निकाल, कृतीसाठी वेगळं दार, क्लिक असेल तर थेट माणूस. आता चालू कसं करायचं? सोमवारी सरळ सोडलं तर भीती वाटते.

गवळीदेव
आधी मुका चालवा. प्लेबुक निकाल लिहील पण काही करणार नाही, अनालिस्ट नेहमीप्रमाणे स्वतः ठरवतील, आणि शक्यतो प्लेबुकचा निकाल त्यांना आधी दिसू नये. दिसला की हात तिकडेच वळतो.

किती दिवस, हे तक्रारींच्या संख्येवर ठरतं. प्लेबुकने 'चांगलं' म्हटलेले ३०० मेल माणसाने तपासले आणि एकही चूक निघाली नाही, तर खरी चूक साधारण १ टक्क्याच्या आत आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. ३ भागिले ३०० असा सोपा हिशोब. शंभरच तपासले तर ती हमी ३ टक्क्यांची. रोज सत्तर तक्रारींत ३० 'चांगल्या' निघाल्या तर ३०० ला दहा कामाचे दिवस लागतील.

चालू केल्यावरही आपोआप बंद झालेल्यांतले काही रोज यादृच्छिक निवडून माणसाने बघावेत, कारण हल्ल्याची पद्धत बदलली की पहिल्यांदा तिथेच दिसेल. आणि रिपोर्ट करणाऱ्याच्या मेलमधून 'सुरक्षित' हा शब्द काढा. 'हे अमुक कंपनीचं नियमित न्यूजलेटर आहे' असं नेमकं लिहा, म्हणजे चूक असेल तर तोच सांगेल की मी याचं न्यूजलेटर कधी घेतलंच नव्हतं.

पारसिक_हिल
माणसाकडे जातं तेव्हा का आलं ते एका ओळीत दिसायला हवं: 'सँडबॉक्स कोडच्या पानावर अडकला', 'व्हायरसटोटल ४२९', 'क्यूआर आहे'. नुसतं 'रिव्ह्यू करा' लिहिलं तर अनालिस्ट सगळी तपासणी पहिल्यापासून करतो.

वागळे_नाका
हे घेतो. एक राहिलं: आमच्याकडे रात्री १२ ते ६ अनालिस्ट नसतो. त्या वेळात 'माहीत नाही' निघालेला मेल सकाळपर्यंत लोकांच्या इनबॉक्समध्येच ठेवायचा का?

निशाचर_शिफ्ट
तक्रार करणाऱ्याची प्रत क्वारंटाइनमध्ये टाका, बाकीच्यांना हात लावू नका. क्लिक दिसलं तर ऑन-कॉल माणसाला फोन.

मृण्मयी_बेलापूर
मला हे उलटं वाटतं. ज्याने तक्रार केली तो सावध आहेच, धोका बाकीच्यांना आहे. सगळ्या प्रती सकाळी ६ पर्यंत क्वारंटाइनमध्ये, मग अनालिस्ट सोडेल.

निशाचर_शिफ्ट
आणि त्यात रात्रीच्या शिफ्टच्या प्लांटला आलेला खरा बिघाडाचा मेल असला तर? सहा तास अडकेल.

मृण्मयी_बेलापूर
मग प्लांटचे मेलबॉक्स वगळा. अकाउंट्स आणि एचआर रात्री मेल बघत नाहीत, त्यांच्या प्रती थांबवल्या तर कोणाचं अडत नाही.

वागळे_नाका
प्लांटचे मेलबॉक्स वेगळ्या ग्रुपमध्ये आहेत, म्हणजे हे जमेल. मुक्या चाचणीत दोन्ही पर्यायांचे आकडे लिहून ठेवतो, ३०० पूर्ण झाले की इथे टाकतो.